द्विभाषिक संगोपन आणि व्याकरणविकास

द्विभाषिक संगोपन : जन्मापासून किंवा पहिल्या दोन-तीन वर्षांत मूल दोन भाषा ऐकत वाढणे. पुण्यात आजी-आजोबा मराठी, शेजार हिंदी आणि पाळणाघर इंग्रजी अशी घरे बरीच आहेत. त्यांतील पालकांचा नेहमीचा प्रश्न असा, की दोन भाषांमुळे मुलाचे व्याकरण मागे पडते काय? एकूण व्याकरणक्षमता मागे पडत नाही. मात्र ज्या भाषेचा वाटा दिवसात कमी, त्या भाषेतील काही रूपे उशिरा पक्की होऊ शकतात.

या शंकेमागे एक जुना वाद आहे. व्होल्तेर्रा आणि टेश्नर यांनी १९७८ मध्ये इटालियन-जर्मन बोलणाऱ्या मुलींच्या बोलण्यावरून तीन टप्पे मांडले. त्यांच्या मते मुलाजवळ आधी दोन्ही भाषांचा एकच शब्दसाठा असतो. पुढे शब्दसाठे वेगळे होतात, पण व्याकरण एकच राहते आणि तेही शेवटी वेगळे होते. हे खरे मानले, तर आरंभीचा गोंधळ अटळ ठरतो. जेनेसी यांनी १९८९ मध्ये यावर नेमका आक्षेप घेतला. मूल शब्द मिसळते एवढ्यावरून व्याकरण एकच आहे हे सिद्ध होत नाही. त्यासाठी कोणाशी बोलताना मूल कोणती भाषा वापरते, हे पाहावे लागते. डच-इंग्रजी बोलणाऱ्या एका मुलीच्या द हाउवर यांनी केलेल्या अभ्यासात (१९९०) दोन्ही भाषांचे व्याकरण आपापल्या वाटेने वाढताना दिसले. आरंभापासून दोन व्याकरणे वेगळी असतात, हे मत आज अधिक ग्राह्य वाटते. त्यांचा एकमेकींवर प्रभाव मात्र पडतो.

हा प्रभाव मराठी-हिंदी घरात कसा दिसतो, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहता येईल. समजा, कोथरूडमधील अडीच-तीन वर्षांची मुलगी आईशी मराठी व वडिलांशी हिंदी बोलते. ती आईला म्हणते, ‘माझी पुस्तक पडली.’ हिंदीत ‘पुस्तक’ स्त्रीलिंगी, मराठीत नपुंसकलिंगी. हिंदीत नपुंसकलिंगच नाही. चूक खरीच, पण ती कुठे आहे ते पाहावे. ‘माझी’ आणि ‘पडली’ ही दोन्ही रूपे मुलीने एकाच लिंगाशी जुळवली आहेत. म्हणजे विशेषण आणि क्रियापद नामाप्रमाणे बदलते हा नियम तिला येतो. फक्त या एका नामाचे लिंग चुकले आहे. ही मागासलेपणाची खूण मुळीच नव्हे. नामांची लिंगे एकेक करून ऐकूनच पक्की होतात, म्हणून कमी ऐकलेल्या भाषेत त्यांना वेळ लागतो. वेल्श भाषेतील लिंगव्यवस्थेबाबत गॅदरकोल व थॉमस यांनाही असेच आढळले.

तीच मुलगी ‘मीने पोळी खाल्ली’ म्हणाली, तर दोष लगेच हिंदीच्या ‘मैंने’ला देऊ नये. ‘आईने खाल्ली’, ‘बाबांनी खाल्ली’ हे ऐकून मराठीतलाच प्रत्यय ओढून-ताणून लावला गेला असण्याचाही संभव आहे. अशा वेळी केवळ मराठी ऐकणाऱ्या समवयस्क मुलांचे बोलणे ऐकल्याशिवाय कारण ठरवता येत नाही.

उशीर मोजताना होणारी खरी चूक म्हणजे एकाच भाषेत मोजणे. हॉफ व सहकाऱ्यांनी दक्षिण फ्लोरिडातील स्पॅनिश-इंग्रजी मुलांचा २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे उपयोगी पडतो. सुमारे दोन ते अडीच वर्षांची ही मुले केवळ इंग्रजीत मोजली असता, शब्द आणि व्याकरण या दोन्हींत एकभाषिक मुलांच्या मागे दिसली. दोन्ही भाषांतील शब्द मिळवले, तेव्हा एकूण साठा तुल्य निघाला. व्याकरणाची वाढ प्रत्येक भाषेत तिथल्याच शब्दसाठ्याशी निगडित असते. म्हणून पाळणाघरातील ताई ‘वाक्य बोलत नाही’ म्हणाल्या, तर आधी आजीला विचारावे की घरी मराठीत काय बोलते.

काळजीची लक्षणे दोन्ही भाषांत एकदम दिसतात. दोन वर्षे पूर्ण झाल्यावरही कोणत्याच भाषेत ‘पाणी दे’, ‘बाबा गेले’ अशी दोन शब्दांची जोडणी नसेल, सांगितलेले समजत नसेल किंवा आधी येणारे शब्द गळत असतील, तर वाट न पाहता श्रवणचाचणी करून घ्यावी आणि वाचाउपचारतज्ज्ञाला दाखवावे. तपासणीत दोन्ही भाषांची माहिती द्यावी. अशा मुलांची एक भाषा बंद करण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. तो स्वीकारण्यास आधार दिसत नाही. पॅराडी व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये भाषाविकार असलेल्या फ्रेंच-इंग्रजी द्विभाषिक मुलांची त्याच विकाराच्या एकभाषिक मुलांशी तुलना केली, तेव्हा क्रियापदांच्या काळदर्शक रूपांत द्विभाषिक मुले अधिक मागे आढळली नाहीत. मराठी बंद केल्यास आजीशी चालणारे बोलणेच तुटते, आणि तेवढे ऐकणे-बोलणे मुलाच्या वाट्यातून कमी होते.