पेढ्याच्या डबीचा साचा कुठून उघडायचा?

साताऱ्यात कंदी पेढे ज्या गोल प्लास्टिकच्या डबीत मिळतात, तशी एक रिकामी डबी घ्या आणि तोंडाच्या कडेवरून नख फिरवा. बहुतेक वेळा केसाएवढी बारीक रेघ नखाला लागते. वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून भरून डबी घडवली, तेव्हा साच्याची दोन अर्धुकं तिथे एकमेकांना टेकलेली होती. हीच पार्टिंग लाइन. डबीचा बाहेरचा आकार ज्या खोलगट अर्ध्यात असतो ती कॅव्हिटी, आणि आतली पोकळी ज्या उंचवट्यामुळे तयार होते तो कोअर.

पाव किलोची डबी धरू. तोंडाशी बाहेरचा व्यास ११० मिमी, उंची ४५, भिंत दीड मिमी जाड आणि तोंडाला बाहेर ३ मिमी आलेली किनार. म्हणजे किनारीचा व्यास ११६. माल पॉलिप्रॉपिलीन. तो थंड होताना साधारण दीड टक्का आकसतो, म्हणून साचा विभागण्याआधीच डबीचं संगणकावरचं मॉडेल तेवढं मोठं करून घ्यायचं. ११६ चे जवळपास ११७.७ होतात. हे नंतर करू म्हटलं तर दोन्ही अर्धी पुन्हा काढावी लागतात.

आता रेघ कुठे, हे ठरवायला सोपी युक्ती आहे. साचा ज्या दिशेने उघडणार त्या दिशेने डबीवर दोन्ही बाजूंनी उजेड पाडलाय अशी कल्पना करा. बुडाकडून येणारा उजेड जिथे जिथे पोचतो तो पृष्ठभाग कॅव्हिटीचा, तोंडाकडून पोचतो तो कोअरचा. दोन्हींची सीमा सर्वांत रुंद घेरावर येते. आपल्या डबीत तो घेर किनारीचा. एखाद्या जागी कुठलाच उजेड पोचत नसेल, तर तिथे डबी साच्यात अडकणार.

अगदी उभी भिंतही अडचणीची. उजेड तिला नुसता चाटून जातो आणि डबी निघताना पोलादावर घासत निघते, अंगावर उभे ओरखडे उठतात. म्हणून भिंतीला एक अंशाचा उतार द्यायचा. ४५ मिमी उंचीत तो एका बाजूला जेमतेम ०.८ मिमी होतो, म्हणजे बुडाचा व्यास १०८.४. पाहणाऱ्याला कळतही नाही. मात्र दुकानदाराने ‘नाव भिंतीवर उठावाचं हवं’ म्हटलं की गाडी अडते. कॅव्हिटीत खोदलेल्या अक्षरांच्या कडा डबीला सरळ बाहेर येऊ देत नाहीत, अक्षरं खरवडली जातात. साच्याचा तेवढा भाग आडवा सरकणारा केला तर जमतं, पण साचा महागतो. तेच नाव बुडावर घेतलं तर काहीच आड येत नाही.

खरी गफलत किनारीपाशी होते. किनारीची वरची कड टोकदार ठेवली, तर रेघ त्या कडेवरच बसते, संपूर्ण किनार कॅव्हिटीत कापली जाते आणि कोअरची प्लेट तिथे निव्वळ सपाट राहते. पण ‘हाताला लागते’ म्हणून कोणी दीड मिमीची किनार बाहेरून पूर्ण गोल केली, तर सर्वांत रुंद घेर तिच्या मध्यावर, ०.७५ मिमी खाली सरकतो. आता अर्धी गोलाई एका प्लेटमध्ये, अर्धी दुसरीत. दोन्ही प्लेटी ०.१ मिमीने जरी सरकल्या, तरी किनारीवर पायरी जाणवते. मऊपणासाठी दिलेली गोलाईच बोचू लागते! आमच्या मते वरची कड टोकदारच ठेवावी, गोलाई किनारीच्या खालच्या कडेला द्यावी. ती बाजू सगळी कॅव्हिटीतच येते.

झाकण उघडायला अंगठ्यासाठी किनारीसकट भिंत ४ मिमी खाली उतरवली असेल, तर पार्टिंगचा सपाट पृष्ठभागही तिथे तसाच उतरतो आणि कोअरच्या प्लेटला जुळणारा उंचवटा येतो. त्याच्या बाजू उभ्या ठेवल्या तर साचा मिटताना दर वेळी पोलाद पोलादावर घासतं, काही हजार नगांत तिथे फट पडते. निदान पाच अंशांचा उतार दिला की बाजू शेवटच्या क्षणीच टेकतात.

कोअर मशीनच्या सरकत्या बाजूला लावायचा. डबी आकसून त्यालाच घट्ट धरते आणि इजेक्टर पिना तिथूनच ढकलतात. उलट लावला तर डबी स्थिर बाजूला राहते, तिथे ढकलायला सहसा काही नसतं.

मशीनवर चढवण्याआधी एका अर्ध्याच्या टेकणाऱ्या भागावर निळी शाई पातळ लावून साचा मिटवतात. दुसऱ्यावर किनारीभोवती निळं कडं अखंड उमटायला हवं. तुटलं तर तिथे फट आहे. ०.०२ मिमीच्या फटीतून हवा निघून जाते, प्लास्टिक सहसा नाही, पण ०.०५ झाली की पापुद्रा येऊ लागतो. त्याला कारखान्यात फ्लॅश म्हणतात. पापुद्रा सगळ्या घेराभर आला, तर मात्र आधी साचा मिटवून धरणारी मशीनची पकड तपासावी. किनारीसकट डबीची सावली सुमारे १०६ चौरस सेंमी पडते. आत ३०० बार दाब असेल, तर तो साचा सुमारे ३२ टनांनी उघडू पाहतो. पापुद्रा एकाच जागी, बहुधा अंगठ्याच्या खाचेशी आला, तर दोष विभागणीत आहे. तिथे पकड वाढवून उपयोग नाही, उलट तीच कड आणखी चेपते.