रकान्याचे शीर्षक (ऑनलाइन शीटवरील डॅशबोर्डात)

एकाच वेळी अनेकांनी भरायच्या ऑनलाइन शीटवर एखादा डॅशबोर्ड थेट चालत असेल, तर शीटच्या पहिल्या ओळीतील नावे दुहेरी काम करतात. भरणाऱ्याच्या दृष्टीने ती वाचण्याची पाटी असतात, तर डॅशबोर्डच्या दृष्टीने पत्ता. पाटी सुबक करण्याच्या भरात कोणी ती बदलली की पत्ताही बदलतो. सदर नोंदीचा विषय हा धोका आहे. शीट कशी भरावी हे वाचकास ठाऊक असल्याचे गृहीत धरले आहे.

शीटवर थेट डॅशबोर्ड चालवण्याच्या प्रघाताचा आरंभ साधारणपणे २००६ ते २००८ या टप्प्यात धरावा. गूगलचे स्प्रेडशीट जून २००६ मध्ये आले आणि या प्रघाताचा उगम तेथेच आहे, असे काहीजण मानतात. तथापि शीटमधील माहिती बाहेरच्या पानावरील आलेखाला पुरवण्याची अधिकृत सोय २००८ च्या व्हिज्युअलायझेशन एपीआयने झाली, हे पाहता नंतरचे वर्ष अधिक ग्राह्य वाटते. २०१६ मध्ये आलेल्या डेटा स्टुडिओमुळे (२०२२ पासून लुकर स्टुडिओ) संगणकाचे विशेष शिक्षण नसलेल्यांनाही असे डॅशबोर्ड करता येऊ लागले.

डॅशबोर्ड रकाना दोन रीतींनी ओळखतो: जागेवरून किंवा नावावरून. दोन्ही रीतींत बिघाड होतो, पण एकीचा बिघाड दुसरीसारखा नसतो. सांगलीच्या पावसाळ्यातील एक कल्पित उदाहरण घेऊ. कृष्णेच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांवर इशारा पातळी आणि ४५ फुटांवर धोका पातळी मानली जाते. समजा, काही स्वयंसेवक ‘नोंदी’ नावाच्या शीटमध्ये दिनांक, वेळ, ‘आयर्विन पूल (फूट)’ आणि ‘नोंद करणाऱ्याचे नाव’ असे चार रकाने भरतात. डॅशबोर्डच्या फलकावरील आकड्यासाठी सर्वांत ताजी नोंद पुढील सूत्राने उचलली जाते:

```
=QUERY('नोंदी'!A1:D, "select A, B, C order by A desc, B desc limit 1", 1)
```

एके दिवशी कोणीतरी ‘कराड कृष्णा पूल (फूट)’ हा रकाना घालतो. कराड वरच्या अंगाला, म्हणून तो आयर्विनच्या डावीकडे घालणे त्याला साहजिक वाटते. शीट आपण होऊन `A1:D` चे `A1:E` करते. अवतरणचिन्हांतील `C` मात्र नुसता मजकूर असल्याने आहे तसाच राहतो, आणि आता `C` म्हणजे कराड. आयर्विनला ४१ फूट आणि कराडला २६ फूट पाणी असेल, तर ‘आयर्विन’ असे लिहिलेल्या फलकावर २६ उमटेल आणि रंग हिरवा राहील. चूक झाल्याची सूचना कुठेच येत नाही. कराडऐवजी कोयनेच्या विसर्गाचा रकाना असता, तर हजारांतील क्युसेकचा आकडा पाहून कोणीही थबकले असते. दोन्ही आकडे फुटांत असल्याने ही चूक खपून जाते.

हाच रकाना नावाने शोधता येतो:

```
=INDEX('नोंदी'!A1:E, 0, MATCH("आयर्विन पूल (फूट)", 'नोंदी'!A1:E1, 0))
```

येथे रकाना कुठेही सरकला तरी सापडतो आणि नाव बदलले तर `#N/A` येते. कोणी शीर्षक ‘आयर्विन पूल (मीटर)’ करून ४१ फुटांऐवजी १२.५ लिहू लागला, तर नावाने वाचणारे सूत्र अडते, आणि तेच इष्ट आहे. जागेवरून वाचणारे सूत्र १२.५ फूट दाखवून मोकळे होईल. या कारणाने जाणकारांचा कल नावाने वाचण्याकडे दिसतो. शीर्षक तेच ठेवून मीटर भरले, तर मात्र दोन्ही रीती निरुपयोगी ठरतात.

नावाने वाचण्यातही एक खोच आहे. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआय या डॅशबोर्ड बनवण्याच्या साधनात शीट जोडताना ‘Changed Type’ ही पायरी सहसा आपोआप तयार होते आणि तीत त्या दिवशीची शीर्षके जशीच्या तशी नोंदली जातात. पुढे शीर्षक बदलले की अद्ययावतीकरण `The column '…' of the table wasn't found` असे सांगून थांबते. हा संदेश डॅशबोर्ड बनवणाऱ्याला दिसतो. फलक पाहणाऱ्याला मागच्या यशस्वी वेळचा आकडा दिसत राहतो. म्हणून आकड्याशेजारी त्या ओळीतील वेळ दाखवणे आवश्यक ठरते, फलक उघडल्याची वेळ नव्हे. लुकर स्टुडिओत शीटवरून माहिती नव्याने घेण्याचा मूळ अवधी १५ मिनिटांचा असतो, त्यामुळे बदल करणारा तोवर शीट बंद करून गेलेला असू शकतो.

मराठी शीर्षकांच्या बाबतीत आणखी एक प्रकार आढळतो, आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत तो सहसा नसल्याने येथे विस्ताराने देणे भाग आहे. ‘करणाऱ्याचे’ या शब्दातील ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. पहिल्या प्रकारात ऱ (U+0931), हलन्त आणि य अशी तीन चिन्हे असतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह (U+200D) आणि य अशी चार. युनिकोड प्रमाणात पहिली रीत भारतीय लिपींसाठीच्या इस्की या जुन्या संकेतप्रणालीला अनुसरून आहे, दुसरी युनिकोड २.० शी सुसंगती राखण्यासाठी ठेवली आहे. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात, पण पायथन किंवा पॉवर बीआयमधील माहिती आणणारी पॉवर क्वेरी चिन्हागणिक तुलना करते, त्यामुळे त्यांच्या लेखी हे दोन वेगळे रकाने होत. एकाने संगणकावर टंकलेले शीर्षक दुसऱ्याने मोबाइलवरून पुन्हा लिहिले, तर एवढ्यानेही डॅशबोर्ड बंद पडू शकतो. एकाच अक्षराची समतुल्य रूपे एकसारखी करणाऱ्या युनिकोडच्या एनएफसी सामान्यीकरणाचा येथे उपयोग नाही, कारण त्या नियमांत ही दोन रूपे समतुल्य धरलेली नाहीत. अदृश्य चिन्हे सरसकट काढून टाकणेही घातक, कारण त्यातून ‘करणार्याचे’ असे रूप उरते (संकेतस्थळांवर अनेकदा दिसणाऱ्या या अशुद्ध रूपामागे हेही एक कारण असावे). ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे `LEN`: दिसायला सारख्या दोन शीर्षकांची लांबी एकाने कमी-जास्त भरली, तर हा किंवा शेवटच्या रिकाम्या जागेचा दोष समजावा. शीर्षके `naav`, `irwin_ft` अशी रोमन लिपीत ठेवून मराठी नावे फलकावर देण्याची पद्धत यातूनच रूढ झाली असावी. भरणाऱ्यांना ती फारशी रुचत नाही.

मोठ्या प्रमाणावरील उदाहरण करोनाकाळातले आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या दैनिक सीएसव्ही फायलींत २२ मार्च २०२० च्या फायलीपासून `Province/State` चे `Province_State` आणि `Last Update` चे `Last_Update` झाले. शिवाय सुरुवातीलाच `FIPS` आणि `Admin2` हे दोन रकाने वाढल्याने जागाही सरकल्या. म्हणजे जुन्या रचनेवर विसंबलेल्या दोन्ही रीतींच्या वाचकांना आपापली सूत्रे दुरुस्त करणे भाग होते. ती ऑनलाइन शीट नव्हती, फाइल होती. तरी दोष याच जातीचा.

प्रतिबंधासाठी पहिली ओळ ‘Protect sheets and ranges’ मधून कुलूपबंद करतात. तेथे केवळ इशारा देणारा पर्यायही आहे, पण तो ओलांडता येतो. गूगल फॉर्मला जोडलेल्या शीटमध्ये एक पळवाट उरते: फॉर्ममधील प्रश्नाचे शब्द बदलले की शीर्षकही बदलते, आणि फॉर्म संपादित करणारी व्यक्ती बहुधा शीट उघडतही नाही.