वकील-अशिलातली गुप्तता : १८७२ चा कायदा ते २०२५ चा निकाल

निफाडच्या एका द्राक्षबागेचा वाद आहे, असं धरू. अशील नाशिकच्या जिल्हा न्यायालयातल्या वकिलाला खासगीत सांगतो, "खरेदीखतावर चुलत्यांची सही मीच ठोकली. आता गुन्हा दाखल झालाय, माझी बाजू मांडा." हे बोलणं वकिलाला उघड करता येत नाही. पण तोच अशील म्हणाला, "हे बनावट खरेदीखत लावून दावा टाका, बागेचा ताबा मिळवून द्या," तर त्या बोलण्याला संरक्षण नाही. पहिल्या वेळी तो झालेल्या गुन्ह्यात बचाव मागतो, दुसऱ्या वेळी होऊ घातलेल्या गुन्ह्यात हात मागतो.

या धर्तीची दोन उदाहरणं १८७२ च्या पुरावा कायद्यातच कलम १२६ खाली दिलेली होती. १ जुलै २०२४ पासून ती तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. गुप्ततेचा हक्क अशिलाचा. त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय वकिलाला तोंड उघडता येत नाही, वकीलपत्र संपल्यावरही नाही. वकिलाचा कारकून आणि दुभाषी यांनाही हेच बंधन आहे.

१९६१ चा अधिवक्ता कायदा आला आणि त्याखाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने आचारनियम केले. गुप्तता मोडणं हा त्यांत नियमभंग ठरला. त्याच नियमांत न्यायालयाप्रती कर्तव्यही आहे: अशिलाला गैरमार्गापासून रोखायचं, ऐकत नसेल तर त्याचं काम सोडायचं. खरी कसोटी इथे लागते. कबुली दिलेला अशील पुढे तेच खरेदीखत खरं म्हणून दाखल करायचा हट्ट धरतो. वकिलाने ते दाखल करायचं नाही; पुरेशी आगाऊ सूचना देऊन वकीलपत्र मागे घ्यायचं आणि न केलेल्या कामाची फी परत करायची. चूक होते ती अर्जातल्या कारणात. "अशील खोटा दस्त लावू पाहतो" असं लिहिलं की आधीची कबुलीही अप्रत्यक्ष बाहेर पडते. "पुढे काम पाहणं शक्य नाही" एवढंच पुरे. फी थकली म्हणून कागद अडवणंही गैरवर्तन आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात ठरवलं. अशी तक्रार राज्य बार कौन्सिलकडे जाते. शिक्षा समज देण्यापासून सनद रद्द होण्यापर्यंत.

२०२५ मध्ये तपास यंत्रणा थेट वकिलांनाच समन्स काढू लागल्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ३१ ऑक्टोबरच्या निकालानुसार प्रकरणाची माहिती काढायला वकिलाला बोलावता येत नाही. कलम १३२ चा अपवाद, उदाहरणार्थ होऊ घातलेल्या गुन्ह्यासाठीचं बोलणं, लागू असेल तरच समन्स निघेल, तो कोणत्या तथ्यांवर लागू होतो हे त्यात लिहावं लागेल आणि पोलीस अधीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेल्या वरिष्ठाची लेखी संमती लागेल. अशा समन्सला उच्च न्यायालयात आव्हान देता येतं.

कागदाचं मात्र वेगळं आहे. वकिलाच्या कपाटात ठेवलं म्हणून ते खरेदीखत गुप्त होत नाही. मागणी आली तर ते न्यायालयात हजर करायचं. मोबाइल किंवा लॅपटॉपही न्यायालयातच द्यायचा. तो अशिलाला नोटीस देऊन, हरकती ऐकून आणि वकील व अशील दोघांच्या समोरच उघडला जातो. त्यातली इतर अशिलांची माहिती बाहेर जाता कामा नये.