रुब्रिक समजावणारी पालक-चिठ्ठी

विद्यार्थ्याच्या कामाची पातळी कोणत्या निकषांवर ठरवली हे दाखवणाऱ्या तक्त्याला रुब्रिक म्हणतात. तो तक्ता कसा वाचावा हे सांगण्यासाठी वर्गशिक्षक प्रगतिपत्रकासोबत पालकांना जे छोटे निवेदन देतात, ती पालक-चिठ्ठी होय. रुब्रिकमध्ये एका बाजूला निकष असतात, वरच्या बाजूला पातळ्या असतात आणि प्रत्येक चौकटीत त्या पातळीवरचे काम प्रत्यक्षात कसे दिसते याचे वर्णन असते.

महाराष्ट्रात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले आणि प्रगतिपत्रकावर अ-1 ते इ-2 अशा श्रेणी आल्या. या श्रेणी टक्क्यांना बांधलेल्या आहेत. उदाहरणार्थ, ब-2 म्हणजे 61 ते 70 टक्के. त्यावरून मूल किती मागे वा पुढे आहे हे कळते, पण नेमके काय येते आणि काय येत नाही हे कळत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये बहुआयामी प्रगतिपत्रकाची शिफारस झाल्यावर रुब्रिकचा वापर वाढू लागला, आणि त्याबरोबर ते पालकांना समजावण्याची गरजही.

खानदेशात या चिठ्ठीला एक खास काम करावे लागते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील अनेक मुलांच्या घरी अहिराणी बोलली जाते, सातपुड्यालगतच्या पाड्यांवर भिली किंवा पावरी. शाळेची भाषा मात्र प्रमाण मराठी असते. चौथीतील एका मुलीने ‘आमच्या घरची कानबाई’ या विषयावर लिहिले आहे असे समजू. निकष चार आहेत: मजकूर, क्रम, वाक्यरचना आणि शुद्धलेखन, पातळ्या तीन. तिने स्थापना, रात्रीचा जागर आणि दुसऱ्या दिवशीचे विसर्जन असे सारे बारकाव्यांसह आणि क्रमाने सांगितले, म्हणून पहिल्या दोन निकषांत ती तिसऱ्या पातळीवर आहे. काही वाक्यांत ‘माझा मामा आला’ऐवजी ‘मन्हा मामा उना’ असे आल्याने वाक्यरचनेत दुसरी पातळी, आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका बहुतेक ओळींत असल्याने शुद्धलेखनात पहिली. एकच श्रेणी दिली असती तर भाषेची अडचण आणि विचारांची मांडणी एकमेकांत मिसळली असती. चिठ्ठीत म्हणून स्पष्ट लिहावे लागते: ‘आपल्या मुलीला सांगण्यासारखे पुष्कळ आहे आणि ती ते नीट मांडते. घरची बोली ही तिची चूक नाही. शाळेच्या भाषेतील वाक्ये तिला अजून सरावाने यायची आहेत.’ हे वाक्य वगळले तर घरात अहिराणी बोलणे बंद करावे असा अर्थ काही पालक काढतात, आणि ते मुलाच्या दृष्टीने नुकसानकारक असते.

दुसरी मोठी चूक बेरजेची आहे. वरील उदाहरणात पातळ्यांचे आकडे मिळवले तर 12 पैकी 9, म्हणजे 75 टक्के आणि ब-1 श्रेणी होते. गणित बरोबर असले तरी अर्थ चुकतो. सर्व निकषांत अगदी पहिल्या पातळीवर असलेल्या मुलालाही 12 पैकी 4, म्हणजे 33 टक्के मिळतात, आणि सर्वत्र मधल्या पातळीवर असलेल्याला 67 टक्के. पातळी म्हणजे गुण नव्हेत. पहिली ते दुसरी आणि दुसरी ते तिसरी ही अंतरे सारखी असतातच असे नाही. म्हणून चिठ्ठीत बेरीज देऊ नये, आणि मधली पातळी म्हणजे ‘दुसरा नंबर’ नव्हे हेही सांगावे, कारण वर्गातील इतर मुलांशी तुलना करून ती ठरवलेली नसते.

चिठ्ठी उपयोगी आहे की नाही हे चौकटींतील शब्दांवरून ओळखता येते. ‘चांगले’, ‘बऱ्यापैकी’, ‘समाधानकारक’ अशी विशेषणे असतील तर वर्णन झालेलेच नाही. ‘घडलेल्या गोष्टी क्रमाने सांगते, परंतु मधला एखादा टप्पा सुटतो’ हे वर्णन वही उघडून पडताळता येते. दोन शिक्षकांनी एकच वही वेगवेगळी तपासावी. पातळ्या वारंवार जुळत नसतील तर दोष बहुधा वर्णनात असतो आणि चिठ्ठी पाठवण्यापूर्वी ते सुधारावे लागते.

पहिल्या सत्राचा निकाल दिवाळीच्या आसपास लागतो, तेव्हा खानदेशात कापसाची वेचणी चालू असते आणि अनेक पालकांना सभेला येता येत नाही. चिठ्ठी एका पानाची, मोठ्या भावंडाने मोठ्याने वाचून दाखवता येईल अशी, आणि एकाच उदाहरणाची असावी. शक्य असल्यास मुलाच्या वहीतील दोन ओळी तिच्यात उतरवाव्यात. दुसऱ्या सत्रात तेच निकष आणि तीच वर्णने ठेवून चिठ्ठी पुन्हा द्यावी. मधेच निकष बदलले तर वाक्यरचनेतील दुसरी पातळी तिसरीवर गेली ती मुलीच्या सरावामुळे की बदललेल्या मोजमापामुळे, हे पालकांना सांगता येत नाही.