डोकेदुखीची गोळी : मूत्रपिंड, यकृत आणि अल्सरच्या रुग्णांसाठी निवड

मेडिकलच्या दुकानात डोकेदुखीवर सहज मिळणाऱ्या गोळ्या ढोबळमानाने दोन गटांतल्या असतात. एका गटात पॅरासिटामॉल एकटेच आहे. दुसऱ्या गटात आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, मेफेनामिक ॲसिड, निमेसुलाइड ही वेदनेबरोबर सूजही उतरवणारी औषधे येतात. डॉक्टर त्यांना ‘पेनकिलर’ म्हणतात तेव्हा बहुधा हाच गट त्यांच्या मनात असतो. धडधाकट माणसाने वर्षातून चार वेळा यांतली कुठलीही गोळी घेतली तर सहसा काही बिघडत नाही. मूत्रपिंड अधू असेल, यकृताचा सिरोसिस असेल किंवा पोटात अल्सर होऊन गेला असेल, तर मात्र दुसरा गट टाळायचा आणि पॅरासिटामॉल मर्यादेत घ्यायचे, हा पहिला नियम.

नियमामागचे कारण प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांत आहे. डोके दुखते तेव्हा वेदना वाढवणारी हीच द्रव्ये जठरात आम्लापासून अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडात रक्त आणणाऱ्या बारीक धमन्या मोकळ्या ठेवतात. दुसऱ्या गटातली औषधे त्यांची निर्मिती शरीरभर रोखतात. पॅरासिटामॉल नेहमीच्या मात्रेत जठर आणि मूत्रपिंडातल्या या कामाला फारसे हात लावत नाही.

यावरून अल्सरबाबतचा एक पक्का गैरसमज उलगडतो. ‘जेवून घेतली की गोळी लागत नाही’ असे घरोघरी सांगितले जाते. भरल्या पोटी जळजळ कमी वाटते हे खरे, पण अस्तराचे संरक्षण जाते ते औषध रक्तात मिसळल्यानंतर. त्यामुळे जेवण, गोळीवरचे आतड्यात विरघळणारे आवरण किंवा गोळीऐवजी घेतलेले इंजेक्शन यांपैकी कशानेही धोका टळत नाही. वरून घेतलेले अँटासिडही पुरेसे नाही. पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल यांसारख्या औषधांनी धोका घटतो, पण एकदा रक्तस्राव झालेल्या रुग्णाने केवळ त्यांच्या भरवशावर आयब्युप्रोफेन सुरू करू नये. अल्सर चिघळत असताना पोट दुखेलच असेही नाही. वेदनाशामकाने ती वेदनाही दबते आणि उतारवयात पहिली खूण म्हणून थेट डांबरासारखी काळी, चिकट शौच होते. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते. पण काळेपणासोबत चक्कर, घाम किंवा धाप असेल तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. हृदयासाठी रोज ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन चालू असलेल्यांनी अल्सरच्या भीतीने ते परस्पर बंद करू नये, मात्र डोकेदुखीसाठी वर आणखी ॲस्पिरिनही घेऊ नये.

मूत्रपिंडाचे नुकसान गुपचूप होते, म्हणून एक उदाहरण सविस्तर पाहू. ५८ वर्षांच्या एका बाईंच्या रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचे टाकाऊ द्रव्य, १.६ आहे. अहवालावर आकडा थोडासाच वाढलेला दिसतो, पण वय आणि लिंग धरून हिशेब केला तर मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला सुमारे ३७ मिलिलिटर येते. साठच्या खाली तीन महिने राहिली तर तो दीर्घकालीन आजार. रक्तदाबासाठी त्या टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी घेतात. दोन दिवस जुलाब झाले, डोके दुखू लागले आणि गुडघ्यासाठी आणलेली ॲसिक्लोफेनॅकची पट्टी घरात होतीच. जुलाबाने शरीरातले पाणी कमी झालेले, त्यात लघवीच्या गोळीची भर. अशा वेळी मूत्रपिंड आत येणारी धमनी रुंद आणि बाहेर जाणारी अरुंद करून गाळण्यापुरता दाब टिकवते. टेल्मिसार्टनने बाहेरची धमनी सैल पडते, ॲसिक्लोफेनॅकने आतली आवळते आणि दाब कोसळतो. चारपाच दिवसांत लघवी घटते, पायांवर सूज येते, रक्तातले पोटॅशियम वाढते. दुखत कुठेच नाही, म्हणून गोळी ‘मानवली’ असे वाटत राहते.

या बाईंसाठी बरोबर गोळी म्हणजे साधे पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत किमान सहा तास ठेवून. मूत्रपिंड फारच निकामी असेल तर हे अंतर आठ तासांपर्यंत वाढवतात. पाण्यात फसफसणारे पॅरासिटामॉल मात्र नको, कारण त्या प्रकारच्या अनेक गोळ्यांत सोडियम बरेच असते. मीठ तोडलेल्या माणसाने ते असे आत घेण्यात अर्थ नाही. जुलाब चालू असताना रक्तदाबाच्या गोळ्या तशाच घ्यायच्या का, हेही त्यांनी त्याच दिवशी डॉक्टरांना विचारायला हवे. शिवाय त्यांच्या डोकेदुखीमागे वाढलेला रक्तदाबच असू शकतो, तेव्हा गोळीआधी तो मोजलेला बरा.

यकृताच्या रुग्णांत चूक उलट्या दिशेने होते. ‘पॅरासिटामॉल लिव्हरला वाईट’ हे ऐकून सिरोसिसचा रुग्ण आयब्युप्रोफेन घेतो आणि अधिक धोक्याचा रस्ता धरतो. सिरोसिसमध्ये अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या असू शकतात, रक्त गोठण्याची क्षमता कमी झालेली असते, पोटात पाणी साठलेल्यांचे मूत्रपिंड प्रोस्टाग्लँडिनच्या आधारावरच चालत असते. एका दाहशामक गोळीने या तिन्ही ठिकाणी धक्का बसू शकतो. निमेसुलाइड तर स्वतःच यकृताला इजा करू शकते. भारतात २०११ पासून ते बारा वर्षांखालील मुलांना देण्यास बंदी आहे.

पॅरासिटामॉलची भीती निराधार नाही, पण ती मात्रेशी जोडलेली आहे. औषधाचा थोडा भाग यकृतात विषारी द्रव्यात बदलतो आणि ग्लुटाथायोन ते निष्प्रभ करते. रोजची दारू, उपासमार आणि कुपोषण यांत ग्लुटाथायोनचा साठा कमी असतो. निरोगी प्रौढाची कमाल मर्यादा दिवसाला ४ ग्रॅम धरतात. सिरोसिस किंवा नियमित दारू असेल तर सर्वसाधारणपणे २ ग्रॅम, आणि वजन ५० किलोच्या आत असेल तर डॉक्टर त्याहून कमी सांगू शकतात. ६५० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्यांत १९५० होतात, म्हणजे दिवसाचा कोटा संपला. त्याच दिवशी ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असलेली सर्दीची एक गोळी घेतली की तो ओलांडला. जास्त मात्रा झाल्यावर पहिला दिवस बरा जातो आणि यकृताचे नुकसान नंतर दिसते. उतारा म्हणून दिले जाणारे ॲसिटिलसिस्टीन पहिल्या आठ तासांत सर्वांत परिणामकारक असते.

खरी फसगत होते ती मिश्र गोळ्यांत. पुढच्या बाजूला ठसठशीत ब्रँडचे नाव आणि घटक मागे, बारीक अक्षरांत. कॉम्बिफ्लॅममध्ये आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असते, म्हणजे ती दोन्ही गटांत बसते. डिस्प्रिन ॲस्पिरिनच आहे. पट्टी कापून दोनच गोळ्या दिल्या तर घटकांची ओळ बहुतेकदा दुकानातच राहते. त्यामुळे नाव सांगण्यापेक्षा ‘फक्त पॅरासिटामॉल’ असे मागावे आणि आपला आजारही सांगावा. कपाळाला बाम चोळण्यास या रुग्णांना हरकत नाही.

आपल्याकडे मळमळीसह दुखणाऱ्या डोक्याला ‘पित्त’ म्हणण्याची सवय आहे. त्यांतली बरीच डोकेदुखी अर्धशिशी असते. तिच्यासाठीच्या सुमाट्रिप्टानसारख्या गोळ्या जठराचे अस्तर खरवडत नाहीत, पण हृदयविकार, काबूत नसलेला रक्तदाब किंवा यकृताचा गंभीर आजार असल्यास चालत नाहीत. साधी वेदनाशामके महिन्यात पंधरा दिवस, मिश्र गोळ्या दहा दिवस, असे तीन महिन्यांहून अधिक चालले की गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. मग रोजच्या प्रतिबंधक औषधाचा विचार होतो आणि तिथेही अवयव पाहावे लागतात: व्हॅल्प्रोएट यकृताच्या आजारात वर्ज्य, टोपिरामेटने मुतखडे होऊ शकतात. प्रोप्रानोलॉल मात्र अर्धशिशीलाही देतात आणि सिरोसिसमधल्या फुगलेल्या शिरांनाही, त्यामुळे काही रुग्णांत डॉक्टर एकाच गोळीत दोन्ही कामे साधतात.