एकमेकांना गिऱ्हाईक पाठवताय? आधी एक कागद करा

(आमच्या हिशेब कार्यालयाच्या व्यावसायिक ग्राहकांसाठी)

टिळकवाडीतला वेडिंग प्लॅनर आणि शहापूरचा फोटोग्राफर ‘तू मला पाठव, मी तुला पाठवतो’ एवढ्यावर सुरुवात करतात आणि दोन लग्नसरायांनंतर कुरबुर सुरू होते. घरचे लोक आधी कार्यालय आणि प्लॅनर ठरवतात, फोटोग्राफर नंतर. त्यामुळे गिऱ्हाईक बहुतेक एकाच बाजूने जातं. उलट्या बाजूने येतं ते नवरीच्या धाकट्या बहिणीचं लग्न, तेही वर्षा-दोन वर्षांनी. म्हणून डोकी मोजत बसू नका, पैशात हिशेब ठेवा.

टक्के किती, याच्याआधी ते कशावर, हे लिहा. समजा पॅकेज ९०,००० रुपयांचं आहे आणि त्यातले २५,००० अल्बमची छपाई व भाड्याच्या ड्रोनला जातात. कमिशन ८ टक्के ठरलं. प्लॅनर पूर्ण रकमेवर ७,२०० मागतो, फोटोग्राफर ६५,००० वर ५,२०० काढतो. दोघेही आपापल्या जागी खरे असतात, कारण कागदावर काहीच नसतं. आमचं मत फोटोग्राफरच्या बाजूने आहे: जो पैसा त्याच्याकडे राहतच नाही, त्यावर कमिशन कसलं? पैसे शेवटचा हप्ता आल्यावर सात दिवसांत द्यायचे. लग्न मोडलं आणि ॲडव्हान्स ठेवून घेतला, तर त्यावर कमिशन आहे की नाही, तेही लिहा.

दुसरा वाद ‘हे गिऱ्हाईक माझंच’ असा असतो. कार्यालयवालाही तेच नाव सांगतो, प्लॅनरही. यावर सोपा उपाय म्हणजे नाव आणि मुहूर्ताची तारीख व्हॉट्सॲपवर पाठवायची; ज्याचा मेसेज आधी, त्याचं गिऱ्हाईक. नाव आधीच वहीत असेल तर फोटोग्राफरने एका दिवसात कळवायचं. नंबर देण्याआधी घरच्यांना विचारा, आणि कमिशन मिळतं का असं त्यांनी विचारलं तर लपवू नका.

आता कर. प्लॅनर जीएसटीत नोंदलेला असेल तर ५,२०० वर १८ टक्के, म्हणजे ९३६ रुपये लावून बिल द्यावं लागतं. प्लॅनर निपाणीचा आणि फोटोग्राफर कोल्हापूरचा असला, तर या बिलावर आयजीएसटी लागतो. नदीपलीकडचे पाहुणे घरचेच, पण बिलाला ते परराज्यातले. सगळ्यात मोठी चूक ‘तुझं-माझं फिटलं’ ही. त्याचे ५,२०० तुमच्या ४,००० शी वळते केलेत आणि १,२०० च दिलेत, तरी दोघांनी आपापल्या पूर्ण रकमेचं बिल करायचं आणि तेवढं उत्पन्न दाखवायचं.

वेगळं व्हायचं झाल्यास ३० दिवसांची सूचना ठेवा, आणि सूचनेआधी पाठवलेल्या गिऱ्हाइकाचं कमिशन पुढेही देणं राहील, असं लिहा. डिसेंबरमध्ये पाठवलेल्या घरचं लग्न मे महिन्यात असतं.