हप्ता तोच, मुदत दुप्पट: २०२२-२३च्या दरवाढीत गृहकर्जांचं काय झालं

गृहकर्जाचा दर वाढला, हे बहुतेक कर्जदारांना मोबाईलवरच्या मेसेजवरून कळतं. त्या दरवाढीने कर्जाचं नेमकं काय केलं, हे कळायला मात्र व्याजाचं सर्टिफिकेट हातात यावं लागतं. मार्चनंतर करासाठी बँकेकडून मिळणाऱ्या या कागदावर दोनच आकडे महत्त्वाचे असतात. वर्षभरात व्याजापोटी किती गेले आणि मुद्दलापोटी किती. दोन वर्षांपूर्वी मुद्दलाच्या रकान्यात पन्नास हजारांच्या जवळपास आकडा होता आणि या वर्षी तिथे साडेचार हजार आहेत, असं दिसलं की आधी छपाईची चूक वाटते. चूक नसते.

एक उदाहरण घेऊ. जुळे सोलापुरात फ्लॅट घेणारे जिल्हा परिषद शाळेतले एक शिक्षक, वय ३८. कर्ज २० लाख, मुदत २० वर्षं म्हणजे २४० हप्ते, पहिला हप्ता जानेवारी २०२१. रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो रेपो दर तेव्हा ४ टक्के होता. त्यावर बँकेचे ३ टक्के धरून व्याज ७ टक्के, आणि हप्ता १५,५०६ रुपये. ५८ला निवृत्ती आणि ५८लाच कर्ज संपणार, असा नेटका हिशोब. त्या वर्षी घर घेणाऱ्या अनेक नोकरदारांनी असाच हिशोब मांडला होता, आणि तो मांडताना चुकला होता असं म्हणता येणार नाही.

या हप्त्याच्या पोटात काय आहे ते आधी पाहायला हवं. पहिल्या महिन्यात १५,५०६ पैकी ११,६६७ रुपये व्याज आहे आणि ३,८३९ रुपये मुद्दल. सगळी गोम इथे आहे. २० लाखांवर दर १ टक्क्याने वाढला की महिन्याचं व्याज १,६६७ रुपयांनी वाढतं. हप्ता तसाच ठेवला तर ही वाढ मुद्दलाच्या ३,८३९ मधूनच जाणार, दुसरीकडून यायला जागाच नाही. म्हणजे सव्वादोन-अडीच टक्क्यांची वाढ झाली की मुद्दल फिटणं जवळपास थांबतं. मुदत लांब असेल तर हप्त्यातला मुद्दलाचा वाटा सुरुवातीला फार लहान असतो. त्यामुळे लांब मुदतीची कर्जंच दरवाढीला जास्त हळवी ठरतात.

हे पहिल्यांदा घडलं असं मात्र नाही. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत फ्लोटिंग म्हणजे बदलत्या दराची गृहकर्जं सर्रास झाली. २००५ ते २००८ या काळात दर चढले तेव्हाही हप्ते तसेच राहिले आणि मुदती लांबल्या. त्यामागे एक साधं व्यवहारी कारण होतं. तेव्हा कर्ज देणारे पुढच्या तारखांचे चेक आगाऊ घेऊन ठेवत. चेकवर हप्त्याचा आकडा लिहिलेला असे. हप्ता बदलायचा म्हणजे प्रत्येक कर्जदाराला शाखेत बोलवून नवे चेक घ्यायचे, नव्या सह्या घ्यायच्या. त्यापेक्षा संगणकात शिल्लक हप्त्यांचा आकडा बदलणं सोपं. पुढे चेक गेले, खात्यातून हप्ता आपोआप कापण्याचा आदेश आला, पण सवय तशीच राहिली.

दर ठरवण्याची पद्धतही मध्ये तीन-चार वेळा बदलली. २०१० मध्ये बेस रेट आला, २०१६ मध्ये एमसीएलआर. दोन्ही बँकेच्या स्वतःच्या खर्चावर आधारलेले, त्यामुळे रेपो दर हलला तरी कर्जापर्यंत त्याचा धक्का उशिरा आणि अर्धामुर्धा पोचायचा. दर उतरताना ग्राहकाला त्याचा फायदा मिळत नाही, ही तक्रार जुनी होती. म्हणून १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी नवी फ्लोटिंग गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधावीत आणि किमान तीन महिन्यांतून एकदा दर नव्याने लावावा, असा नियम झाला. नियम केला दर उतरताना ग्राहकाचं भलं व्हावं म्हणून. सोलापुरात नागरी सहकारी बँका आणि गृहवित्त कंपन्यांकडूनही बरीच कर्जं घेतली जातात. हा नियम त्यांना लागू नव्हता, त्यामुळे तिथल्या कर्जदारांना वाढीचा धक्का वेगळ्या वेळी आणि वेगळ्या मापाने बसला.

मग मे २०२२ आला. मध्यवर्ती बँकेने ठरलेल्या बैठकीची वाट न पाहता रेपो ४ वरून ४.४० केला. जूनमध्ये ४.९०, ऑगस्टमध्ये ५.४०, सप्टेंबरअखेर ५.९०, डिसेंबरात ६.२५ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५०. नऊ महिन्यांत अडीच टक्के.

शिक्षकांचं कर्ज दर तिमाहीच्या पहिल्या तारखेला नव्या दरावर जातं असं धरू. जुलै २०२२ला १८ हप्ते भरून झालेत, २२२ राहिलेत, बाकी १९,२७,३५६ रुपये. नवा दर ७.९०. हप्ता न बदलल्यामुळे शिल्लक हप्ते २२२ वरून २६० झाले. इथपर्यंत तीन वर्षांची वाढ, कोणी फारसं मनावर घेत नाही. ऑक्टोबरात दर ८.९० होताच शिल्लक ३३८. जानेवारीत ९.२५ वर ३९५. आणि एप्रिल २०२३ मध्ये ९.५० वर ४७६ हप्ते, म्हणजे ३९ वर्षं ८ महिने. मूळ हिशोबाने तेव्हा २१३ राहायला हवे होते. चाळिशीतल्या माणसाचं कर्ज ऐंशीच्या उंबरठ्यावर संपणार. महिन्याच्या हप्त्यात मुद्दल उरलं ३६३ रुपये. दर आणखी पाव टक्का वाढला असता तर नुसतं व्याजच १५,५४० रुपयांच्या आसपास गेलं असतं, हप्त्यापेक्षाही जास्त. मग हप्ता भरूनही बाकी वाढत गेली असती.

प्रत्यक्षात ४७६ हा आकडा बहुतेक ठिकाणी कागदावर येत नाही. बँकांनी मुदतीला आणि कर्जदाराच्या वयाला कमाल मर्यादा घातलेली असते. ती गाठली की मगच हप्ता वाढवला जातो. म्हणजे आधी मुदत ताणून घ्यायची, ताणायला जागा उरली नाही की हप्त्याला हात लावायचा. ज्यांचं वय जास्त किंवा मूळ मुदतच ३० वर्षांची, त्यांचा हप्ता लवकर वाढला आणि त्यांना बातमी लवकर कळली. तरुण कर्जदाराकडे ताणायला वर्षं भरपूर, म्हणून त्याला सगळ्यात उशिरा कळलं.

वाद आहे तो इथेच. मुदत वाढवायची की हप्ता, हे कोणी ठरवायचं? कर्जाच्या करारात एक कलम असतं की दर बदलल्यास हप्ता किंवा मुदत किंवा दोन्ही बदलण्याचा अधिकार कर्ज देणाऱ्याचा. त्यावर कर्जदाराची सही असते, त्यामुळे कायद्याने बाजू पक्की. बँकांचं म्हणणंही अगदीच पोकळ नाही. हप्ता एकदम ३,००० ने वाढवला तर पगारातून भागणार नाही, हप्ते थकतील, खातं खराब होईल. मुदत वाढवणं म्हणजे घरच्या बजेटला धक्का न लावणं. खरोखर ओढाताण असलेल्या कर्जदाराला यातून दिलासाही मिळाला. पण ही दया ज्याची त्याला विचारून झाली नाही. एप्रिल २०२३ मध्ये शिक्षकांना समोर बसवून सांगितलं असतं की ५८लाच कर्ज संपवायचं तर हप्ता १८,६१३, नाहीतर आणखी ३९ वर्षं, तर महागाई भत्ता वाढल्यावर तीन हजार जास्त भरायला ते तयार झाले असते की नाही, हे त्यांनी ठरवलं असतं. मुदत लांबल्याने येणारं जादा व्याज कोणाच्या खात्यात जमा होतं हे पाहिलं, की विचारणा का झाली नाही याचंही फारसं आश्चर्य वाटत नाही.

मेसेजमध्ये नवा दर असायचा, शिल्लक हप्त्यांचा आकडा क्वचितच. म्हणून शोध लागला तो सर्टिफिकेटवरून. या कर्जाचं २०२१-२२चं मुद्दल सुमारे ४८,४०० रुपये येतं आणि २०२३-२४चं सुमारे ४,५५०. भरलेली रक्कम दोन्ही वर्षी तीच, १,८६,०७२. मुद्दलावर ८०सीची करवजावट घेणाऱ्याला हा फरक लगेच टोचतो. नव्या करप्रणालीत गेलेले लोक हे सर्टिफिकेट मागतच नाहीत, त्यांची अशी तपासणी आपोआप सुटली. त्यांच्यासाठी दुसरी खूण आहे. कर्जखात्याच्या उताऱ्यात दोन लागोपाठ महिन्यांची बाकी पाहायची. वीस वर्षांच्या कर्जात हा फरक हप्त्याच्या दहा टक्क्यांच्याही आत आला असेल तर मुदत बरीच लांबलेली आहे.

तक्रारी साचल्यावर १८ ऑगस्ट २०२३ला मध्यवर्ती बँकेने परिपत्रक काढलं आणि ते ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत नव्या-जुन्या सगळ्या कर्जांना लावायला सांगितलं. या वेळी सहकारी बँका आणि गृहवित्त कंपन्याही त्यात आल्या. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडंथोडं, ही निवड कर्जदाराला द्यायची. मुदत वाढवल्यामुळे व्याजही फिटत नाही अशी स्थिती येऊ द्यायची नाही. आणि दर तिमाहीला एक पत्रक द्यायचं, ज्यात आतापर्यंत वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्ता, शिल्लक हप्ते आणि वार्षिक दर असेल. स्थिर दरावर जाण्याचा पर्यायही द्यायचा होता, पण ऑक्टोबर २०२५ पासून तो देणं न देणं बँकेच्या मर्जीवर सोडलं आहे. एकूण परिपत्रक चांगलं, वेळ चुकलेली. शेवटची दरवाढ होऊन तेव्हा सहा महिने उलटले होते, आणि मधल्या दरबदलांमध्ये ताणलेली मुदत मूळ जागी आणून द्या असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. त्यासाठी कर्जदारानेच शाखेत जाऊन अर्ज द्यायचा.

फेब्रुवारी २०२५ पासून रेपो उतरू लागला आणि जूनपर्यंत ५.५० वर आला. तेव्हा उलटी तक्रार सुरू झाली, दर कमी झाला तरी हप्ता का उतरत नाही. मुदत लांबलेल्या कर्जात तो उतरू न देणंच शहाणपणाचं आहे. शिक्षकांचं कर्ज जुलै २०२५ मध्ये ८.५० वर आलं तेव्हा ५४ हप्त्यांत ८,३७,३२४ रुपये भरून मुद्दल फिटलं होतं जेमतेम ९९,३०० रुपये, त्यातलेही ७२,६०० पहिल्या १८ महिन्यांतले. शिल्लक हप्ते २८७, मूळ हिशोबाने हवे होते १८६. आता ५८ची तारीख पुन्हा गाठायची तर हप्ता १८,४०० च्या आसपास करावा लागतो. २०२३ मध्ये पूर्ण १ टक्का जास्त दर असतानाही हाच आकडा १८,६०० होता. हप्ता १५,५०६ च ठेवायचा असेल तर एकरकमी सुमारे ३ लाख भरावे लागतात. व्यक्तीच्या फ्लोटिंग गृहकर्जावर मुदतपूर्व भरण्याचा दंड बँकांना २०१२ पासून घेता येत नाही, त्यामुळे फंडातून किंवा फरकाच्या थकबाकीतून ही रक्कम भागाभागाने टाकता येते. मात्र प्रत्येक वेळी अर्जावर ‘हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी’ असं स्पष्ट लिहून पोच घ्यावी लागते. नाहीतर काही ठिकाणी मुदत तशीच ठेवून हप्ता कमी केला जातो, आणि २८७ चा आकडा जागचा हलत नाही.